हेडशॉटमध्ये शर्टाच्या जागी कोट चढवताना: चुण्या शरीरावरून वाचा

"फोटो मस्त आलाय, फक्त अंगावर कोट चढवून द्या." स्टुडिओत हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. नवीन मुलगा काम शिकायला आला की तो लगेच तयार कोटांचं फोल्डर उघडतो, एक कोट उचलतो, मानेखाली ठेवतो, कडा घासतो आणि फोटो मोकळा करतो. कडा साफ असतात, रंगही बरा जुळतो, तरी फोटो बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच. माणूस एका बाजूला कललेला असतो आणि कोट मात्र हँगरला टांगल्यासारखा सरळ उभा असतो. बहुतेक वेळा चूक कडांमध्ये नसते, ती कापडाच्या चुण्यांमध्ये असते.

हा लेख फोटोशॉपमध्ये हाताने हे काम शिकणाऱ्यांसाठी आहे. एकच फोटो घेऊन तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम बायोडेटा, कंपनीची वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड यांच्यासाठी करा. पासपोर्ट किंवा व्हिसाच्या फोटोसाठी करू नका. अमेरिकेच्या व्हिसाच्या नियमांत तर फोटोत डिजिटल फेरफार चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या गिऱ्हाइकाला सरळ खरा कोट घालायला द्या आणि फोटो काढा.

आपला फोटो

पंचविशीतला एक तरुण. अंगात तांबड्या चौकडीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण उघडं. टेबलाशी बसलाय, उजवं कोपर टेबलावर टेकवलेलं आहे. धड त्याच्या डावीकडे थोडं वळलेलं आहे, म्हणजे त्याचा उजवा खांदा कॅमेऱ्याच्या जवळ आणि चित्रात आपल्या डाव्या हाताला येतो. चेहरा कॅमेऱ्याकडे. उजेड चित्राच्या उजवीकडच्या खिडकीतून, जरा वरून येतोय. फ्रेम छातीपर्यंत आहे. ऑफिसच्या वेबसाइटसाठी त्याला नेव्ही ब्लू कोट, पांढरा शर्ट आणि टाय हवा आहे.

आधी शरीर वाचा, कोट नंतर

कोटांचं फोल्डर उघडण्याआधी फोटोवर एक रिकामा लेअर घ्या आणि लाल ब्रशने चार गोष्टी आखा: दोन्ही खांद्यांची टोकं जोडणारी रेघ, गळ्याच्या खळगीतून खाली छातीच्या मध्यावरून जाणारी रेघ, दोन्ही काखांचे बिंदू आणि उजेडाची दिशा दाखवणारा बाण. खांद्यांच्या रेघेवर `Ruler Tool` ओढलं की वरच्या पट्टीत `A:` समोर कोन दिसतो. आपल्या फोटोत तो सहा अंश आहे. जवळचा खांदा वर आहे, कारण कोपर टेबलावर टेकलंय आणि अंगाचा भार त्या हातावर आलाय. टेकलेलं कोपर खांद्याला वर ढकलतं.

आता शर्टाकडे बघा. नवखे इथे एक चूक करतात. शर्टावर जवळच्या काखेपाशी दहा-बारा बारीक चुण्या दिसतात, आणि त्या तशाच्या तशा कोटावर उतरवाव्यात असं वाटतं. असं करायचं नाही. शर्ट म्हणजे कापडाचा एकच पातळ पदर. कोटात वरचं कापड, आत कॅनव्हास किंवा बुकरम, मग अस्तर आणि खांद्यात पॅड असतं. ज्या जागी शर्टाला दहा चुण्या पडतात तिथे कोटाला एक-दोनच पडतात. पण त्या रुंद आणि खोल असतात. म्हणून शर्टावरून चुण्यांची संख्या घ्यायची नाही, त्या कुठून निघतात आणि कुठे जातात एवढंच घ्यायचं.

चुणी मुख्यतः दोन कारणांनी पडते. कापड ओढलं गेलं की ताणाच्या जागेपासून सरळ, तीरासारख्या रेघा निघतात. कापड दोन्हीकडून जवळ आलं की ते गोळा होऊन फुगतं, मऊ वळी पडते. आपल्या तरुणाचा उजवा हात पुढे आलाय. त्यामुळे पाठीवरचं कापड ताणलं गेलंय, पण ते आपल्याला दिसत नाही. पुढच्या बाजूला मुंढ्यापाशी छातीचं आणि बाहीचं कापड एकमेकांजवळ आलंय. म्हणजे आपल्याला हवी असलेली चुणी दुसऱ्या जातीची आहे: पुढच्या काखेतून निघून मुंढ्याच्या कडेने वर खांद्याकडे जाणारी एक खोल वळी, आणि तिच्यातून लॅपलकडे, म्हणजे कोटाच्या छातीवर दुमडलेल्या पट्टीकडे फुटणारी एक उथळ वळी. दुसरा हात खाली सरळ लोंबतोय, त्या बाहीला जवळपास काहीच नको.

हे सगळं कागदावर दोन ओळींत लिहून ठेवा. पुढे दोन तास पिक्सेल घासत बसल्यावर माणूस हे विसरतो.

कोट कुठून आणायचा

सगळ्यात चांगला कोट तोच, जो कुणीतरी त्याच पोझमध्ये घालून बसलंय. आम्ही स्टुडिओत नेव्ही, काळा आणि राखाडी अशा तीन कोटांचे स्वतःचे फोटो काढून ठेवलेत. प्रत्येक कोट समोरून, डावीकडे वळून आणि उजवीकडे वळून. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि माणसापासून हेडशॉटला ठेवतो तितक्याच अंतरावर. अंतर महत्त्वाचं आहे. जवळून काढलेल्या कोटाचा पुढचा खांदा मोठा आणि मागचा फारच लहान येतो, तो नंतर कितीही ताणला तरी बसत नाही.

उजवीकडे वळलेला कोट मिळत नसेल तर डावीकडचा उलटा करून टाकायचा मोह होतो. `Flip Horizontal` एका क्लिकवर आहे. मीही सुरुवातीला असंच केलं होतं, फोटो गिऱ्हाइकाला दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे मामा दुकानात आले. मामा टेलर. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोटाचा वरचा खिसा उजव्या छातीवर कधीपासून यायला लागला?" मग त्यांनी लॅपलवरच्या काजावर बोट ठेवलं. पुरुषांच्या कोटात वरचा खिसा आणि लॅपलचं काज माणसाच्या डाव्या बाजूला असतं, आणि बटण लावताना डावा पल्ला उजव्यावर येतो. उलट्या कोटात हे सगळं फिरतं. शिवाय चुण्यांवरचा उजेडही फिरतो. तो फोटो मी फुकट नव्याने करून दिला. कोटाच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, कुठे ताण येतो, कॅनव्हास कुठे संपतं हे सगळं त्यानंतर मी त्याच मामांकडे बसून शिकलो.

आपल्या फोटोसाठी योग्य बाजूला वळलेला नेव्ही कोट संग्रहात आहे, पण तो घालणारा उभा होता आणि त्याचे दोन्ही हात खाली होते. म्हणून मी अजून एक काम केलं. त्याच टेबलाशी, त्याच खिडकीजवळ स्टुडिओतल्या सहकाऱ्याला तोच कोट घालून, उजवं कोपर टेकवून बसवलं आणि मोबाइलवर चार फोटो काढले. दहा मिनिटांचं काम. काखेतली वळी मी या फोटोतून घेणार आहे. चुणी काढायला शिकायचं असेल तर आधी ती बघावी लागते, आणि असा एक खरा फोटो शेजारी उघडा असला की अंदाजाने काही करावं लागत नाही.

पहिल्या काही कामांना साधा, बिनरेषांचा कोट घ्या. रेषांच्या किंवा चेक्सच्या कोटात प्रत्येक वळीबरोबर रेषाही वळवावी लागते.

बसवणे

कोट, शर्ट आणि टाय हे तिन्ही एकाच फोटोतून एकत्र `Pen Tool` ने कापून घ्या. कॉलर एकीकडून आणि लॅपल दुसरीकडून घेऊ नका, त्यांच्यामधली सावली जुळत नाही. कापलेला भाग `Convert to Smart Object` करा, म्हणजे पुढे कितीदाही मागे येता येईल.

आकार मानेवरून ठरवा. बंद कॉलर मानेला लागून असते, फार तर एक बोट जाईल इतकी सैल. कॉलर मानेवर नीट बसली की खांदे बघा. कोटाचा खांदा पॅडमुळे मूळ शर्टाच्या खांद्याच्या थोडा बाहेर यायलाच हवा, म्हणजे खालचा शर्टही आपोआप झाकला जातो. शर्टाची बाही कुठे बाहेर डोकावत असेल तर तिथे मागची भिंत `Clone Stamp` ने भरून घ्या.

आता ते सहा अंश. इथे `Ctrl+T` करून अख्खा कोट सहा अंशांत फिरवला की काम झालं असं वाटतं. पण कोटाबरोबर टाय आणि लॅपलही फिरतात आणि वाऱ्याने उडाल्यासारखे तिरके दिसतात. खांदे कलले तरी टाय कलत नाही. ती गवंड्याच्या ओळंब्यासारखी सरळ खाली लोंबते. बसलेल्या माणसाच्या कोटाचं बटण उघडं असतं, त्यामुळे कोटाचे पुढचे पल्लेही साधारण ओळंब्यातच पडतात.

म्हणून `Edit > Puppet Warp` घ्या. वर `Mode` मध्ये `Rigid` ठेवा. पिना या जागी टोचा: गळ्याच्या खळगीत एक, टायच्या खालच्या टोकाला एक, दोन्ही लॅपलच्या खाली एकेक, दोन्ही काखांत एकेक आणि दोन्ही खांद्यांच्या टोकांवर एकेक. मग फक्त खांद्यांच्या पिना हलवा, जवळची वर आणि लांबची जरा खाली. मधल्या पिना जागच्या जागी राहतात, टाय सरळ राहते, खांदे मात्र कलतात. जवळचा खांदा वर गेला की त्या बाजूची मान आखूड दिसते, म्हणून त्या बाजूला शर्टाची कॉलर कोटाच्या कॉलरवर लांबच्या बाजूपेक्षा थोडी कमी दिसायला हवी. मास्कने तेवढी झाका.

माझ्या अनुभवात दहा-बारा अंशांपर्यंत हे निभतं. त्यापुढे कापडाची वीण ताणलेली दिसायला लागते. तेव्हा हट्ट सोडा आणि दुसरा कोट शोधा.

चुण्या: आधी काढा, मग घाला

उभ्या माणसाच्या कोटावर उभ्या माणसाच्या चुण्या आहेत. काखेखालून सरळ खाली जाणारी एक लांब वळी, आणि बाहीवर एक-दोन. जवळच्या बाजूची ती लांब वळी आता खोटी आहे, कारण हात पुढे आलाय. वरती रिकामा लेअर घ्या, `Clone Stamp` चा `Sample` `Current & Below` वर ठेवा, `Opacity` तीस टक्क्यांच्या आसपास, आणि शेजारचं सपाट कापड घेऊन ती वळी हळूहळू पुसा. पूर्ण गुळगुळीत करू नका, थोडा चढउतार राहू द्या. इस्त्री केलेल्या कोटालाही तो असतो.

मग मोबाइलच्या फोटोतला काखेचा भाग `Lasso Tool` ने भरपूर मोकळी जागा ठेवून उचला, आणून ठेवा, आकार जुळवा आणि मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने कडा विरघळवा. वळीचं टोक कोटाच्या काखेच्या बिंदूवर तंतोतंत यायला हवं. ते अर्धा सेंटिमीटर जरी खाली आलं तरी हात चुकीच्या जागी जोडल्यासारखा वाटतो. मोबाइलच्या कापडाचा रंग वेगळा येईल. या लेअरचा मोड `Luminosity` केला की त्यातला फक्त उजेड-सावलीचा भाग राहतो आणि रंग खालच्या कोटाचा येतो.

असा फोटो नसेल तर वळी हाताने काढावी लागते. नवा लेअर घेतानाच `Mode: Soft Light` निवडा आणि `Fill with Soft-Light-neutral color (50% gray)` वर टिक करा. त्यावर काळा आणि पांढरा ब्रश, `Flow` पाच टक्क्यांच्या आत. आपला उजेड उजवीकडून आहे, म्हणून वळीचा उजवा उतार उजळ आणि डावा गडद. पण दोन्ही बाजू सारख्याच मऊ ठेवू नका. खऱ्या वळीत घडीच्या आतली कडा तीक्ष्ण असते आणि बाहेरची बाजू हळूहळू विरते. दोन्ही कडा मऊ राहिल्या तर कापडाऐवजी धुराचा पट्टा दिसतो. वळीची जाडीही सगळीकडे सारखी नसते. काखेत ती खोल आणि अरुंद असते, खांद्याकडे जाताना रुंद होत विरून जाते.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच पकडले जातात. आत वळी काढली, पण कोटाची बाहेरची कड तशीच गुळगुळीत राहिली. खरी वळी कडेपर्यंत पोचते तेव्हा कडही किंचित आत दबते. आपल्या फोटोत हात पुढे आणि खांदा वर आहे, म्हणून जवळच्या खांद्याचं पॅड जिथे संपतं त्याच्या लगेच खाली, बाहीच्या सुरुवातीला, एक छोटा खळगा पडायला हवा. `Filter > Liquify` मध्ये मोठा ब्रश घेऊन, `Pressure` कमी ठेवून, तिथली कड थोडी आत ढकला. चेहऱ्याची उंची चौदाशे पिक्सेल असेल तर आठ-दहा पिक्सेल पुरे. एवढ्याशा खळग्याने कोट एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लेअर चालू-बंद करून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

उजेड आणि काळा

कोट फ्लॅशमध्ये काढलेला, माणूस खिडकीच्या उजेडात. त्यामुळे कोटाच्या सावल्या नको तितक्या काळ्या असतात. `Info` पॅनल उघडा आणि केसांमधल्या सगळ्यात काळ्या जागेवर कर्सर न्या. आपल्या फोटोत तिथे तिन्ही आकडे बाविसाच्या जवळपास येतात. कोटाच्या खोल वळीत ते पाच-सहा आहेत. एकाच खोलीतल्या एकाच उजेडात एवढा फरक पडत नाही. कोटावर `Curves` लेअर घ्या, `Ctrl+Alt+G` ने तो कोटालाच बांधा, आणि रेघेचं डावं खालचं टोक वर उचला, आकडे विसाच्या आसपास येईपर्यंत. कोट जरा फिका वाटेल, पण चेहऱ्यासोबत बघितलात तर तोच खरा वाटतो.

हनुवटीची सावली पांढऱ्या कॉलरवर पडायला हवी. मूळ फोटोत ती मानेवर कुठे आणि किती मऊ आहे ते बघा आणि तीच कॉलरवर, टायच्या गाठीपर्यंत पुढे न्या. कॉलर मानेला टेकते तिथे एक बारीक गडद रेघ हवी, नाहीतर मान कॉलरच्या आतून न निघता कॉलरवर ठेवल्यासारखी दिसते.

आणि आता ते, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. मूळ शर्ट तांबडा होता. खिडकीचा उजेड त्या शर्टावर आपटून वर जातो आणि हनुवटीच्या खालच्या भागावर, जबड्याच्या कडेला तांबूस छटा सोडतो. शर्ट गेला, पांढरी कॉलर आली, पण तांबूसपणा तसाच राहतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, तरी त्याला चेहरा आणि कपडे वेगवेगळ्या दिवसांचे वाटतात. नवा लेअर घ्या, मोड `Color`, गालाच्या कडेवरचा साधा त्वचेचा रंग उचला आणि वीस-तीस टक्के `Opacity` ने हनुवटीखाली हलका हात फिरवा. सावली तशीच राहते, फक्त रंग निवतो.

शेवटचे दोन हात

लांबचा खांदा मूळ फोटोत थोडा धूसर आहे, कारण फोकस डोळ्यांवर होता. कोट मात्र सगळीकडे सारखाच तीक्ष्ण आहे. कोटावर `Gaussian Blur` एक पिक्सेलच्या आसपास द्या, आणि स्मार्ट फिल्टरच्या मास्कमध्ये ग्रेडियंट टाकून तो लांबच्या खांद्यापुरता ठेवा. मग दोनशे टक्के झूम करून कपाळावरचा कण बघा. कोट त्याहून गुळगुळीत असेल तर `Add Noise`, `Gaussian`, `Monochromatic`, एक-दोन टक्के.

तपासताना दोन गोष्टी करा. `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` करून फोटो उलटा बघा. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या फोटोत लगेच दिसते. मग पुन्हा सरळ करा, नाहीतर काज आणि खिसा परत फिरलेले राहतील. दुसरं म्हणजे फोटो व्हिजिटिंग कार्डावर येईल तितका लहान करा. एवढ्या लहान आकारात बारीक चुण्या दिसत नाहीत, फक्त खांद्याची रेघ, टायचा ओळंबा आणि काखेतली ती एक वळी दिसते. यातलं काही खटकलं तर सरळ `Puppet Warp` वर परत जा. त्याच्यावरच्या थरांवर घासत बसून ते सुधारत नाही.

आपल्या तरुणाचं काम दुसऱ्या तपासणीत अडलं होतं. लहान आकारात टाय जरा डावीकडे झुकलेली दिसत होती. टायच्या खालच्या टोकाची पिन चार पिक्सेल उजवीकडे सरकवली आणि फोटो पाठवला.